मिनीबारच्या बिलावरून चेकआउटला वाद झाला तर काय बोलावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे, नाशिक, मुंबई, गोवा इथल्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला काम करणारी मुलं-मुली मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या हॉटेलांत रूम अटेंडंट मिनीबार, म्हणजे रूममधला विकतच्या खाण्यापिण्याच्या वस्तूंचा फ्रिज, उघडून हाताने मोजणी करतो, ती डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सेन्सरच्या फ्रिजसाठी प्रश्न १० पाहा. बोलायची वाक्यं मराठीत आहेत. गेस्टशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलत असाल तर शब्द बदला, पण आधी काय आणि नंतर काय हा क्रम तोच ठेवा.

१. मिनीबारबद्दल नुसतं विचारलं तरी काही गेस्टना राग येतो. मग विचारायचं कसं?

राग बहुतेक वेळा प्रश्नाचा नसतो, तो उशिरा विचारल्याचा असतो. बिल छापलं, सही झाली, कार्ड मशीनला लागलं आणि मग आपण म्हणतो, "सर, मिनीबारमधलं काही?" तोवर गेस्टच्या दृष्टीने हिशोब मिटलेला असतो. त्यामुळे गेस्ट चावी काउंटरवर ठेवतो त्याच क्षणी, बिल छापायच्या आधी विचारा:

"गुड मॉर्निंग सर. बिल तयार करते. काल संध्याकाळनंतर मिनीबारमधलं काही घेतलं असेल तर सांगा, म्हणजे सगळं एकाच बिलात येईल."

"काल संध्याकाळनंतर" हे शब्द गाळू नका. त्याआधीचं रोजच्या सफाईच्या वेळी नोंदवलेलं असतं आणि बिलात आलेलं असतं. आपल्याला फक्त शेवटच्या काही तासांचं माहीत नसतं, आणि तेवढंच विचारलं की गेस्टलाही आठवायला सोपं जातं. आधीचं जे बिलात आहे ते छापण्यापूर्वी तोंडी सांगा: "परवाचं मिनीबारचं तीनशे साठ आधीच लागलंय, बघून घ्या." कागदावर अचानक दिसलेल्या आकड्यापेक्षा आधी कानावर पडलेल्या आकड्यावर वाद कमी होतात. रक्कम सांगायची, वस्तू मोठ्याने वाचायच्या नाहीत. त्याचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

गेस्ट समोर उभा असताना फोन उचलून "४१२चा मिनीबार चेक करा" असंही म्हणू नका. त्याने नुकतंच "काही नाही घेतलं" असं सांगितलेलं असतं, आणि त्याच्या देखत तुम्ही ते तपासायला माणूस पाठवता. हाउसकीपिंगला कळवायचंच असेल तर फक्त "४१२ चेकआउट" एवढं म्हणा. पुढचं काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं.

२. गेस्ट म्हणतो, "मी हे घेतलेलंच नाही." त्यावर तोंडून निघणारं पहिलं वाक्य कोणतं असावं?

"मी आमची नोंद बघते सर. यातली नेमकी कोणती वस्तू तुमची नाही, तेवढं दाखवता का?"

या वाक्याने संशय गेस्टवरून आपल्या नोंदीवर जातो. आता चुकली असेल तर नोंद चुकली असेल. गेस्टला स्वतःचा खरेपणा सिद्ध करायची गरज उरत नाही, म्हणून आवाज चढत नाही. दुसरा फायदा व्यवहारातला आहे. पाच ओळींपैकी बरेचदा एकाच ओळीवर आक्षेप असतो. ते विचारलंच नाही तर वाद सगळ्या बिलावर पसरतो.

काउंटरवर रोज ऐकू येणारी आणि हमखास बिघडवणारी वाक्यं अशी: "पण सर, सिस्टममध्ये दाखवतंय." "हाउसकीपिंगने तर लिहिलंय." "नक्की आठवतंय ना?" "मुलांनी घेतलं असेल." या चारही वाक्यांतून गेस्टला एकच ऐकू येतं, की माझ्यावर विश्वास नाही. शेवटचं तर काळजीपोटी बोललं जातं, पण त्यातून मुलांवर आळ येतो आणि आईवडील लगेच त्यांच्या बाजूने उभे राहतात.

"तुम्ही दोन कॅन घेतलेत" असं न म्हणता "नोंदीत दोन कॅन कमी दिसतायत" असं म्हणायची सवय लावून घ्या. माहिती तीच जाते, आरोप जात नाही.

३. नोंद तपासायला वेळ लागतो आणि गेस्टला विमान पकडायचं असतं. तोवर काय सांगायचं?

किती वेळ लागेल ते सांगा आणि तो पाळा. "दोन मिनिटं द्या. तोवर बाकीचं बिल नजरेखालून घाला," असं म्हणून बिल त्याच्या हातात द्या. रिकाम्या हातांनी उभं राहिलेल्या माणसाला दोन मिनिटं फार वाटतात.

दोन मिनिटांत हाउसकीपिंगकडून उत्तर आलं नाही तर वाट पाहू नका. रक्कम काढा आणि त्याला जाऊ द्या. गाडी पोर्चमध्ये लागलेली असेल तर दोन मिनिटंही घेऊ नका: "सर, तुमची गाडी लागलीये. हे मी बिलातून काढते, तुम्ही निघा." दोनशे-तीनशे रुपयांसाठी विमानाच्या काळजीत उभा केलेला गेस्ट बाकीचा सगळा मुक्काम विसरतो आणि तेवढंच लक्षात ठेवतो.

४. चूक आपली असू शकते का? नोंदीत नेमकं काय बघायचं?

असू शकते, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा असते. मिनीबारची नोंद म्हणजे "आज फ्रिजमध्ये काय कमी आहे" एवढंच. ते कधी कमी झालं आणि कोणी घेतलं हे ती सांगत नाही. आधीची मोजणी पक्की असेल तरच आजच्या मोजणीला अर्थ असतो. म्हणून मिनीबार शीट हातात आली की सगळ्यात आधी हे शोधा: हा गेस्ट यायच्या आधी फ्रिज शेवटचा कधी मोजला आणि भरला?

नेहमी सापडणारी गडबड इथेच असते. आधीचा गेस्ट दुपारी बाराला गेला, नवा लॉबीत बसून आहे, फ्रंट ऑफिस रूमसाठी घाई करतंय. अटेंडंट पलंग आणि बाथरूम उरकतो आणि फ्रिज राहून जातो. दुसऱ्या दिवशी सफाईत फ्रिज उघडतो, दोन कॅन कमी दिसतात आणि ते नव्या गेस्टच्या नावावर चढतात. शीटवर चेक-इनच्या दिवसाचा रकाना कोरा असेल तर तुमच्याकडे पुरावा नाही. मग बाकी काही न बघता रक्कम काढायची.

दुसरी गडबड डीएनडीची, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब' पाटीची. दोन दिवस दारावर पाटी होती म्हणून मोजणी झाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम चढलं. इथे वस्तू खरोखर गेस्टने घेतलेल्या असू शकतात, पण बिलावर तारीख तिसऱ्या दिवसाची पडते. "त्या दिवशी तर मी दिवसभर बाहेर होतो," असं गेस्ट म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. अशा वेळी सांगा: "सर, तारीख आमच्या मोजणीची आहे. दोन दिवस डीएनडी होतं, म्हणून तिन्ही दिवसांचं एकत्र लागलंय." बऱ्याचदा तिथेच वाद मिटतो.

तिसरी अगदी साधी: ४१२चं ४२१ला चढलेलं. आकड्यांची अशी अदलाबदल होऊ शकेल त्या रूमवर मिनीबारची काही नोंद आहे का, हे सिस्टममध्ये बघायला दहा सेकंद लागतात. तिथे काहीच नसेल आणि ती रूम भरलेली असेल, तर हाउसकीपिंगला विचारून घ्या.

५. पूर्ण प्रसंग एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

पुण्यात विमानतळाजवळचं हॉटेल धरू. गेस्ट सोमवारी दुपारी आला, बुधवारी सकाळी पावणेसातला निघतोय. बिलात मिनीबारचे ५८० रुपये आहेत: काजूचं पाकीट २८० आणि कोल्ड्रिंकचे दोन कॅन, प्रत्येकी १५०. त्यावर कर वेगळा. नोंद मंगळवारी दुपारची.

"हे काय आहे? मी काजू वगैरे काही घेतलेलं नाही."

"मी आमची नोंद बघते सर. यातली कोणती वस्तू तुमची नाही?"

"काहीच नाही. मी रात्री अकराला यायचो आणि झोपायचो."

"दोन मिनिटं द्या सर. तोवर रूमचं भाडं आणि नाश्त्याचं बरोबर आहे का, बघून घ्या."

हाउसकीपिंगला फोन. प्रश्न एकच: "४१२, सोमवारी चेक-इनच्या आधी मिनीबार मोजलाय का?" शीटवर रविवारची सही आहे, सोमवारचा रकाना कोरा, मंगळवारी "काजू १, कॅन २ कमी". म्हणजे रविवार ते मंगळवार या काळात कधीतरी वस्तू गेल्या, आणि त्यातला अर्धा काळ रूममध्ये दुसराच कोणी राहत होता. इथे शोध संपला.

"सर, तुम्ही यायच्या आधीची मोजणी आमच्याकडे झालेली दिसत नाही. त्यामुळे हे तुमच्या बिलात यायला नको होतं. मी काढलंय. हे नवीन बिल."

अशा वेळी कधीकधी गेस्टच थांबतो: "एक मिनिट. एक कॅन मी घेतला होता खरा, परवा रात्री." मग म्हणायचं, "थँक यू सर, तेवढा एकच ठेवते," आणि तसंच करायचं. दिलदारपणा दाखवायला "राहू द्या सर" म्हणू नका. त्याने स्वतःहून सांगितलेली गोष्ट मान देऊन स्वीकारा. संशय न घेता विचारलं की माणसाला आठवायला आणि कबूल करायला जागा मिळते. सुरुवातीलाच "सिस्टममध्ये दाखवतंय" म्हटलं असतं तर तो कॅनही त्याने शेवटपर्यंत नाकारला असता.

गेस्ट गेल्यावर लॉगबुकात कारणासकट लिहा: "४१२, मिनीबार ४३० काढले, सोमवारी चेक-इनपूर्व मोजणी नाही." "गेस्टने नाकारलं" एवढंच लिहिलं तर चूक गेस्टच्या माथी राहते आणि सोमवारचा कोरा रकाना कोणाला दिसत नाही.

६. रक्कम काढल्यावरही गेस्ट नाराज होऊन जातो. असं का होतं?

काढताना आपण काय बोललो ते आठवून बघा. "ठीक आहे सर, यावेळी काढते." "मॅनेजरने परवानगी दिली म्हणून." "आमच्या अटेंडंटला भरावे लागतील, पण असू दे." पैसे परत मिळाले, पण खोटं बोलून मिळवले असं त्याला वाटायला लावलं. पैसे सोडूनही गेस्ट गमवायचा असेल तर यासारखा दुसरा मार्ग नाही.

काढायचं ठरलं की पूर्ण काढा आणि छोटं बोला: "हे मी बिलातून काढलंय सर. नवीन आकडा बघून घ्या. तुमची दोन मिनिटं गेली, त्याबद्दल सॉरी." माफी गेलेल्या वेळेची, आणि एकदाच. नोंद चुकल्याचं नक्की झालं असेल तरच "चूक आमची होती" म्हणा. झालं नसेल तर तसं म्हणू नका, कारण ते खरं नसेल आणि गेस्टला त्याची गरजही नसते.

अर्धी रक्कम कमी करण्याचा तोडगा तर कधीच देऊ नका. घेतलं असेल तर पूर्ण द्यावं, घेतलं नसेल तर अर्धं तरी का द्यावं? अर्ध्यावर तडजोड केली की आपण त्याला खोटा ठरवतो आणि आपली नोंदही.

७. किती रकमेपर्यंत मी स्वतः काढू शकते? दर वेळी ड्यूटी मॅनेजरला बोलवावं लागतं.

हे तुमच्या हॉटेलच्या नियमावर आहे. पण नियम लेखी नसेल तर तो लिहून मागा. माझं मत स्पष्ट आहे: मिनीबारमधल्या खाण्याच्या वस्तूंसाठी आणि थंड पेयांसाठी शिफ्टवरच्या माणसाला स्वतःच्या सहीने काढता यायला हवं. दीडशेला विकलेला कॅन हॉटेलला दीडशेला पडत नाही. मॅनेजर येईपर्यंतची दहा मिनिटं आणि मागे वाढलेली रांग त्यापेक्षा महाग पडते.

मॅनेजर लागणारच असेल तर मॅनेजरने गेस्टकडे यायचं, गेस्टला केबिनकडे पाठवायचं नाही. "तुम्ही बसा सर, मी त्यांना इथेच बोलावते." आणि मॅनेजरला जे सांगायचं ते गेस्टसमोर "हे गेस्ट म्हणतायत की…" अशा सुरात सांगू नका. "चेक-इनच्या आधीची मोजणी दिसत नाहीये, ५८० काढायचे आहेत," एवढं पुरतं.

८. गेस्टने घेतलंय हे नक्की माहीत असेल तर? रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात सापडलंय.

आधी प्रश्न ४ प्रमाणे शीट बघा. चेक-इनच्या दिवशी मोजणी झालेली आहे, रोजची सही आहे आणि पाकीटही सापडलंय, असं सगळं जुळत असेल तर नोंद पक्की. मग एकदा, हळू आवाजात सांगा:

"सर, फ्रिज सोमवारी पूर्ण भरलेला होता आणि काल सफाईत काजूचं पाकीट उघडलेलं मिळालं, अशी नोंद आहे. रूमवर कोणी भेटायला आलं असताना उघडलं गेलं असेल का?"

प्रश्न २ मध्ये मुलांचं नाव घेऊ नका म्हटलं, आणि इथे पाहुण्यांचं विचारतेय. फरक असा, की तिथे आपल्याकडे काहीच पक्कं नव्हतं. इथे आहे, आणि गेस्टला "हो, मित्र आला होता खरा" म्हणून मान राखून मागे यायची वाट हवी असते. ती वाट एकदाच द्या. तो पुन्हा नाही म्हणाला आणि रक्कम किरकोळ असेल, तर विषय तिथेच थांबवा, प्रश्न ६ मधलं वाक्य म्हणा आणि काढा. दारूच्या सगळ्या लहान बाटल्या संपल्या असतील आणि रक्कम काही हजारांत असेल, तर ड्यूटी मॅनेजरने गेस्टला लॉबीतल्या बाजूच्या खुर्च्यांवर नेऊन बोलावं, काउंटरवर नाही.

रिकामं पाकीट खाली आणून दाखवणं किंवा अटेंडंटने काढलेला रूमचा फोटो समोर धरणं, हे कोणत्याही रकमेसाठी करू नका. आपण गेस्टचा कचरा तपासतो हे त्याला कळलं की तो पुन्हा येत नाही, मग पैसे त्याने भरलेले असोत वा नसोत.

९. "बाटलीवर एमआरपी वीस आहे, तुम्ही शंभर कसे लावता?" याला काय उत्तर द्यायचं?

कायद्याची बाजू तुम्हाला माहीत असावी, पण काउंटरवर ती गेस्टवर फेकू नये. १२ डिसेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हॉटेल आणि रेस्टॉरंट बाटलीबंद पाण्यासाठी एमआरपीपेक्षा जास्त दर लावू शकतात, कारण तिथे फक्त वस्तू विकली जात नाही, सोबत सेवा आणि जागाही असते. गेस्टला मात्र असं सांगा:

"हो सर, दुकानात ही वीसलाच मिळते. रूममधल्या फ्रिजचे दर वेगळे असतात, ते फ्रिजवरच्या कार्डावर असतात. तुमच्या रूममध्ये कार्ड होतं का, ते मी बघते."

शेवटचं वाक्य मनापासून म्हणा आणि खरंच बघा. कार्ड नसेल, किंवा कार्डावर ऐंशी आणि सिस्टममध्ये शंभर असेल, तर गेस्टचं बरोबर आहे. दर वाढल्यावर सिस्टम बदलते आणि दीडशे रूममधली कार्डं बदलायला महिना जातो, हे सगळ्या हॉटेलांत होतं. जुनं कार्ड असेल तर जुना दर लावा. कार्डच नसेल तर पैसे घेऊ नका.

पाण्यावरून अजून एक गोंधळ होतो. टेबलावरच्या दोन बाटल्या मोफत, आणि त्याच कंपनीच्या फ्रिजमधल्या बाटल्या विकतच्या. बाटली सारखीच दिसत असेल तर गेस्टला फरक कळायचा कसा? अशा वेळी वाद न घालता काढा: "दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे." आणि फ्रिजमध्ये वेगळ्या कंपनीचं पाणी ठेवायला सांगा.

१०. आमच्याकडे सेन्सरचा फ्रिज आहे. गेस्ट म्हणतो, "फक्त उचलून पाहिलं आणि ठेवलं."

असं होऊ शकतं. या फ्रिजमध्ये वस्तू ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ जागेवरून हलली की ती आपोआप बिलात चढते. मुलगा कॅन हातात घेऊन खेळला, किंवा आईने बाळाचं दूध ठेवायला चार वस्तू बाजूला सरकवल्या, तरी बिल तयार. म्हणून सेन्सरच्या हॉटेलात "सिस्टममध्ये दाखवतंय" या वाक्याला आणखीनच कमी अर्थ आहे.

"हो सर, हा फ्रिज वस्तू हलली तरी नोंद करतो. मी रूममध्ये मोजून घेते, सगळं जागेवर असेल तर हे निघेल." मोजायला वेळ नसेल तर प्रश्न ३ प्रमाणे काढा. चेक-इनला औषधं किंवा बाळाचं दूध दिसलं तर तेव्हाच विचारा: "फ्रिज रिकामा करून देऊ का? म्हणजे तुमचं सामान ठेवता येईल." या एका प्रश्नाने चेकआउटचे बरेच वाद जन्मालाच येत नाहीत.

११. गेस्टसोबत कुटुंब किंवा ऑफिसचे वरिष्ठ आहेत आणि बिलात बिअर आहे. तो घाबरून "मी घेतली नाही" म्हणतो.

हा वाद पैशांचा नसतो. काउंटरवर कोण ऐकतंय, याचा असतो. वडिलांसोबत आलेला मुलगा, साहेबांसोबत आलेला कर्मचारी, सासरच्या मंडळींसोबत लग्नाला आलेली मुलगी. "सर, दोन बिअर आणि एक व्होडका" असं मोठ्याने म्हटलं की त्याच्यापुढे नाकारण्याशिवाय मार्ग उरत नाही.

म्हणून नियमच करा: फक्त "मिनीबार" आणि रक्कम बोलायची. बिल त्याच्याकडे वळवायचं आणि ओळ पेनने दाखवायची. त्याने नाकारलं आणि तुम्हाला कारण उमगलं, तर एवढंच म्हणा: "हरकत नाही सर, हे मी वेगळं ठेवते. बिलाची प्रत द्यायला तुम्हाला एक मिनिट इकडे बोलावते." बरोबरची मंडळी गाडीकडे गेली की तो बहुतेक वेळा स्वतःच परत येऊन पैसे देतो.

कंपनीच्या बिलावर राहणाऱ्यांची एक विनंती नेहमी येते: "बिअर न दाखवता जेवण म्हणून लावा." हे करता येत नाही. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे नाव बदललं की कराची नोंदच खोटी होते. पण नुसतं नाही म्हणू नका: "नाव बदलता येणार नाही सर. पण हा भाग वेगळ्या बिलावर करून देते. तो तुम्ही इथे भरा, कंपनीला जाणाऱ्या बिलात तो येणार नाही." त्याला नेमकं तेच हवं असतं.

१२. "कंपनी भरणार आहे" किंवा "ऑनलाइन सगळे पैसे भरलेत" असं म्हणून गेस्ट मिनीबार नाकारतो.

इथे वस्तू घेतल्याचा वाद नाही, कोणी भरायचं एवढाच आहे. बुकिंगवरची बिलाची सूचना बघा आणि ती तुमच्या हॉटेलचा नियम म्हणून सांगू नका: "तुमच्या कंपनीने रूम आणि नाश्ता त्यांच्याकडे ठेवलाय, बाकीचं गेस्टकडून घ्यायला सांगितलंय. हवं तर मी त्यांचं पत्र दाखवते." ऑनलाइन बुकिंगला: "ऑनलाइन भरलेलं रूमचं भाडं पूर्ण जमा आहे सर. हे रूममध्ये घेतलेल्या वस्तूंचं आहे." हे वाक्य चेक-इनला बोलून ठेवलं असेल तर चेकआउटला लागतच नाही.

१३. बाटलीत पाणी भरून ठेवलं, किंवा बाहेरून कॅन आणून ठेवला, असं आढळलं तर?

बाहेरून तोच कॅन आणून ठेवला असेल तर सोडून द्या. बॅच वेगळी दिसली तरी हॉटेलचं काही गेलं नाही. फक्त तो कॅन काढून घ्या आणि पुढच्या गेस्टला देऊ नका.

व्होडकाच्या बाटलीचं सील तुटलेलं आणि आत पाणी, हे मात्र वेगळं. पण ते याच गेस्टने केलं हे सांगता येईल का? मोजणी करताना अटेंडंट बाटल्या मोजतो, प्रत्येक झाकण फिरवून बघतोच असं नाही. आधीच्या तपासणीत सील पाहिल्याची नोंद नसेल तर हा विषय काउंटरवर काढूच नका. नोंद असेल तर: "सर, या बाटलीचं सील उघडलेलं आढळलं, म्हणून ती लावलीये." आत काय होतं ते बोलायचं नाही. सील उघडलं म्हणून बाटली लागली, एवढं पुरे. त्याला कळतं.

१४. गेस्ट गेल्यावर मिनीबार कमी आढळला. फोन करून पैसे मागायचे का?

छोट्या रकमेसाठी नको. भारतातल्या कार्डावर गेस्टच्या ओटीपीशिवाय नंतर रक्कम घेणं बहुतेक वेळा शक्य नसतं, म्हणजे त्याला फोन, लिंक, पुन्हा फोन असं करावं लागतं. घरी पोचलेल्या माणसाला दीडशे रुपयांसाठी तीन फोन गेले तर तो पैसे देईलही, पण पुढच्या वेळी शेजारच्या हॉटेलात राहील.

रक्कम मोठी असेल आणि नोंद प्रश्न ८ मध्ये सांगितली तशी पक्की असेल, तर त्याच दिवशी, एकच फोन, ड्यूटी मॅनेजरने: "सर, घरी नीट पोचलात ना? तुम्ही निघाल्यावर मिनीबारच्या काही वस्तू नोंदवायच्या राहिल्याचं लक्षात आलं. चेकआउटला सांगायचं आमच्याकडून राहिलं. तपशील पाठवते, तुम्ही बघून सांगा." कंपनीच्या खात्यावर परस्पर टाकू नका. गेस्टला ते अकाउंट्सकडून कळलं तर त्याची अडचण होते आणि तो ती विसरत नाही.

१५. टॅक्स इन्व्हॉइस निघाल्यावर वाद झाला. आता रक्कम कशी काढायची आणि गेस्टला काय सांगायचं?

इन्व्हॉइस निघण्याआधी फोलिओतली, म्हणजे गेस्टच्या चालू हिशोबातली, नोंद काढणं सोपं असतं. एकदा इन्व्हॉइस निघालं की ते फाडून नवीन काढता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी लागते. हे गेस्टला समजावत बसू नका. "हे कमी करते सर. बिलासोबत कमी केल्याची वेगळी पावती देते, ऑफिसला दोन्ही कागद एकत्र द्या." ज्याला खर्चाचा परतावा घ्यायचा आहे त्याला ही सूचना खरोखर उपयोगी पडते, कारण एकच कागद दिला तर त्याचं अकाउंट्स ते परत पाठवतं.

१६. काढलेली रक्कम आमच्याकडे रूम अटेंडंटकडून वसूल करतात. मग हाउसकीपिंगवाले फोनवर भांडतात.

भांडणारच. तुम्ही विचारता, "४१२ची मोजणी झाली होती का?" आणि त्याला ऐकू येतं, "पैसे तू भरणार का?" मग तो कोऱ्या रकान्यात नंतर सही करतो, आणि ज्या नोंदीवर आपलं सगळं बोलणं उभं आहे तीच खोटी होते. ही वसुली बंद करून घेण्यासाठी फ्रंट ऑफिसनेच आवाज उठवायला हवा. तोवर निदान फोनवर असं विचारा: "दादा, ४१२चं मी काढतेच आहे, तुमच्यावर काही नाही. फक्त सोमवारी फ्रिज बघायला वेळ मिळाला होता का, ते सांगा." खरं उत्तर मिळालं तर त्याला लॉगबुकात "रूम घाईने मागितली, मोजणीला वेळ नव्हता" असं लिहून द्या. घाई आपणच केलेली असते.

१७. एकच गेस्ट दर मुक्कामाला मिनीबार नाकारतो. दर वेळी काढायचं का?

त्याच्या प्रोफाइलवर आधीच्या नोंदी कारणांसकट असतील तर ठरवता येईल. प्रत्येक वेळी मोजणीच राहिली असेल तर प्रश्न आपल्या मजल्यावरचा आहे. नोंद दर वेळी पक्की असेल तर पुढच्या वेळी तो यायच्या आधी फ्रिज रिकामा ठेवा आणि चेक-इनला नेहमीच्या आवाजात सांगा: "सर, फ्रिज तुमच्या सामानासाठी मोकळा ठेवलाय. काही हवं असेल तर रूम सर्व्हिसला सांगा, लगेच पाठवतील." रूम सर्व्हिसच्या बिलावर त्याची सही येते. प्रोफाइलवर "फ्रिज रिकामा द्यावा" एवढंच लिहा. ते स्क्रीनवर उघडं असताना त्याच्या नजरेस पडलं तरी चालेल, असंच काय ते तिथे असावं.